गल्लीतल्या गाय, माकड, कबुतर आणि कुत्र्यांवरून प्रांत ओळखता येतो का?

प्रश्न: "एका अरुंद गल्लीचा फोटो सगळीकडे फिरतोय, खाली वाराणसी असं लिहिलंय. रस्त्यात गाय बसली आहे, कठड्यावर माकडं आहेत, गच्चीवर कबुतरं आणि पायरीशी दोन कुत्री. पाट्या एवढ्या पुसट आहेत की लिपीसुद्धा कळत नाही. एवढे चार प्राणी आहेत, तर त्यांवरून निदान प्रांत तरी सांगता येईल ना? फोटो जोडला आहे."

उत्तर:

फोटो मोठा करून पाहिला. वाराणसी नाही, एवढं बऱ्याच खात्रीने सांगता येतं. पण ते चार प्राण्यांमुळे नाही, एकाच प्राण्यामुळे, आणि त्याच्याही फक्त शेपटीमुळे. बाकीचे तिघे तुमच्या प्रश्नापुरते जवळजवळ मुके आहेत. असं का, ते सविस्तर लिहितो, कारण पुढच्या फोटोत कदाचित माकड नसेल आणि तेव्हा उरलेल्या तिघांवर किती भार टाकायचा हे तुम्हालाच ठरवावं लागेल.

गेली बरीच वर्षं मी अशा फोटोंचं ठिकाण पडताळण्याचं काम करतो. प्राणी दिसला की लोक विचारतात, "हा प्राणी वाराणसीत असतो का?" उत्तर हो येतं आणि फोटो वाराणसीचा ठरतो. विचारायला हवं ते असं, की हाच प्राणी वाराणसीच्या गल्लीत दिसण्याची शक्यता आणि जिथे फोटो प्रत्यक्षात काढलेला असू शकतो अशा दुसऱ्या गावांत दिसण्याची शक्यता, यांत फरक किती? रस्त्यात पडलेलं कुत्रं वाराणसीत दिसेल, मदुराईत दिसेल, काठमांडूत दिसेल. सगळीकडे सारखंच दिसत असेल तर त्याने पारडं कुठेच झुकत नाही. खूण ठिकाणाशी जुळते म्हणून उपयोगाची होत नाही, ती दुसऱ्या ठिकाणांशी जुळत नसेल तेव्हाच उपयोगाची होते.

आणखी एक गोष्ट. गाय, कुत्रं आणि कबुतर हे तीन वेगळे पुरावे नाहीत. रस्त्यावर उघडा ओला कचरा असतो, लोक दारातून शिळी भाकरी टाकतात, कोणी पुण्य म्हणून दाणे टाकतं, जनावर मोकळं सोडलं तरी फारसं कोणी अडवत नाही. या एकाच परिस्थितीतून तिघे एकत्र येतात. एक दिसला की उरलेले दोघे जवळपास असणारच. त्यामुळे "तीन-तीन खुणा जुळल्या" असं म्हणणं म्हणजे एकाच साक्षीदाराची साक्ष तीनदा मोजणं. तिघे मिळून सांगतात ते एवढंच: हे बहुधा दक्षिण आशियातलं दाट वस्तीचं गाव आहे. ते तुम्हाला आधीच माहीत होतं.

आता माकडाकडे येतो, कारण तुमच्या फोटोतला खरा ऐवज तिथे आहे.

भारतातल्या गावांत आणि शहरांत माणसांच्या इतक्या जवळ राहणारी माकडं मुख्यतः तीन प्रकारची. काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं, लांब हातापायांचं ते वानर, म्हणजे लंगूर. उरलेली दोन्ही तपकिरी, फिक्या किंवा लालसर तोंडाची, आणि सरसकट "लाल तोंडाची माकडं" म्हणून ओळखली जाणारी. उत्तरेतलं ऱ्हीसस आणि दक्षिणेतलं बॉनेट. पुसट फोटोत दोन्ही सारखीच वाटतात, पण शेपूट बघितली की गोंधळ संपतो. ऱ्हीससची शेपूट आखूड असते, डोकं आणि धड मिळून जेवढी लांबी होते तिच्या साधारण निम्मी किंवा त्याहून कमी. बॉनेटची शेपूट डोकं-धडाच्या लांबीएवढी किंवा त्याहूनही लांब असते. कठड्यावर बसलेल्या बॉनेटची शेपूट दोरीसारखी खाली लोंबते, ऱ्हीससची तशी लोंबूच शकत नाही.

दुसरी खूण डोक्यावर. बॉनेटच्या डोक्यावरचे केस मधल्या भोवऱ्यातून चहूकडे पसरतात, त्यामुळे टोपी घातल्यासारखं दिसतं. नावही त्यावरूनच पडलं आहे. ऱ्हीससचे केस मागे सपाट बसलेले असतात, आणि कमरेपासून पुठ्ठ्यापर्यंतचा रंग नारिंगी-तांबूस झाक मारतो. पण रंगावर मी कधीच निकाल देत नाही. संध्याकाळच्या उन्हात आणि मोबाईलच्या फिल्टरमध्ये सगळीच माकडं तांबूस होतात. लांबीचं प्रमाण फिल्टर बदलू शकत नाही.

तुमच्या फोटोत डावीकडच्या कठड्यावर तीन माकडं आहेत. मधलं आपल्याकडे पाठ करून बसलंय, त्याची शेपूट उपयोगाची नाही, कारण ती कठड्याच्या पलीकडे गेली आहे. उजवीकडचं पिल्लू आहे, तेही सोडून द्या. डावीकडचं मोठं माकड मात्र कॅमेऱ्याला जवळजवळ आडवं बसलंय आणि त्याची शेपूट भिंतीवर पूर्ण दिसते. डोक्याच्या टोकापासून बुडापर्यंतचं अंतर मोजलं, मग शेपटीचं मोजलं. शेपूट बसलेल्या धडापेक्षा स्पष्टपणे लांब भरली. बसलेलं माकड पाठ वाकवतं, त्यामुळे धड थोडं आखूड मोजलं जातं, ती सूट दिली तरी शेपूट निम्म्यावर येत नाही. डोक्यावरची टोपी याच माकडाची अंधुक दिसते. हे बॉनेट आहे.

बॉनेट फक्त दक्षिण आणि पश्चिम भारताच्या द्वीपकल्पात असतं. त्याची उत्तरेची सीमा ढोबळमानाने पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरीच्या आसपास धरतात. वाराणसीच्या घाटांवरची माकडं ऱ्हीसस, सोबत काही ठिकाणी वानरं. गंगेकाठी बॉनेटचा अख्खा कळप कठड्यावर बसलेला दिसणं याला माझ्याकडे काही कारण सापडत नाही. म्हणून वाराणसी बाद.

इथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. हीच माकडं ऱ्हीसस निघाली असती, तर मी "उत्तर भारत" असं इतक्या ठामपणे म्हटलं नसतं. दोन खुणांचं वजन सारखं नाही. ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकतंय आणि बॉनेटची जागा घेतंय. त्यात काही भाग आपोआपचा आहे आणि काही माणसांचा. एका गावात उपद्रव वाढला की पकडून दुसरीकडे नेऊन सोडतात, आणि ऱ्हीसस धीट, चपळ, कुठेही जम बसवणारं. त्यामुळे तेलंगणात ऱ्हीसस दिसणं आता अजिबात आश्चर्याचं नाही. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात तर दोन्ही प्रकार सापडतात. उलट बॉनेट उत्तरेकडे पसरल्याचं मात्र नाही, त्याचा प्रदेश आक्रसतो आहे. म्हणून बॉनेट दिसलं तर "दक्षिणेकडचं" असं जोरात म्हणता येतं, ऱ्हीसस दिसलं तर "उत्तरेकडचं" असं हळूच म्हणायचं.

हे मी एका चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका मंदिराच्या पायऱ्यांचा फोटो माझ्याकडे आला होता, आखूड शेपटीची माकडं, म्हणून मी पत्रकात "उत्तर भारत" असं लिहून मोकळा झालो. दोन दिवसांनी तोच फोटो मोठ्या आकारात मिळाला, तर मागच्या दुकानाची पाटी तेलुगू निघाली. गाव हैदराबादच्या जवळचं होतं. शेपूट मी बरोबर वाचली होती, नकाशा जुना वापरला होता. माझ्या त्या ओळीवर विसंबून दुसऱ्या कोणी तरी आणखी शोध घ्यायचं थांबवलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

शेपूट वाचताना फसगत कुठे होते तेही सांगतो. विजेच्या तारांचा धक्का बसून किंवा भांडणात शेपूट तुटलेली माकडं शहरात बरीच असतात, आणि तुटक्या शेपटीचं बॉनेट लांबून ऱ्हीसससारखं दिसतं. म्हणून एका माकडावरून कधीच ठरवू नका, कळपातल्या दोन-तीन मोठ्या माकडांच्या शेपट्या बघा. तुमच्या फोटोत एकच शेपूट नीट दिसते ही खरी अडचण होती, पण ती लांब आहे. तुटून शेपूट आखूड होऊ शकते, लांब होऊ शकत नाही. त्यामुळे या दिशेने चूक होण्याची भीती कमी. कॅमेऱ्याच्या दिशेने सरळ येणारं माकड असेल तर मोजणंच सोडा.

वानरांबद्दल थोडक्यात, कारण पुढे तुम्हाला ती भेटतीलच. वानर देशभर पसरलेलं आहे, त्यामुळे नुसतं असणं काही सांगत नाही. पण चालताना ते शेपूट कशी धरतं याकडे लक्ष द्या. उत्तरेकडची वानरं शेपटीची कमान पाठीवरून पुढे डोक्याकडे नेतात, दक्षिणेकडच्यांची शेपूट वर जाऊन मागे वळते. ही विभागणीही साधारण त्याच तापी-गोदावरीच्या पट्ट्यात येते. अट एकच, वानर चार पायांवर चालत असलं पाहिजे. बसलेल्या वानराची शेपूट काहीही करते. दिल्लीत तर आणखी जपायला हवं. तिथे ऱ्हीससना पिटाळण्यासाठी पूर्वी पाळीव लंगूर फिरवत, आणि 2023 च्या जी-20 परिषदेच्या वेळी रस्त्याकडेला लंगुरांचे माणसाएवढे कटआउट उभे केले होते. फोटोत न हलणारं, कडा फार स्वच्छ असलेलं वानर दिसलं तर ते पुठ्ठ्याचं नाही ना हे आधी बघा. तसं असेल तर ती ठिकाणाची आणि तारखेची फार चांगली खूण आहे.

आता गाय. तुमच्या फोटोतली गाय काळी-पांढरी, वशिंड जवळजवळ नाही, गळ्याखालची पोळी लहान. म्हणजे होल्स्टीनचा संकर. दुधासाठी देशभर हाच संकर आणि जर्सीचा संकर पाळला जातो, आणि दूध आटलं की हीच जनावरं रस्त्यावर येतात. त्यामुळे मोकाट गाईच्या जातीवरून प्रांत काढणं बहुतेक वेळा फसतं. शुद्ध देशी जात दिसली तरच थोडं काही हाती लागतं. मागे-वर गेलेली लांबसडक शिंगं, सडपातळ पांढरं अंग असा खिलार बैल दिसला तर दक्षिण महाराष्ट्र आणि लगतचा कर्नाटक मनात यावा. फुगीर कपाळ आणि पानासारखे लोंबते कान असलेली गीर दिसली तर सौराष्ट्र. पण गीर आता गोशाळांमुळे आणि दुधाच्या मागणीमुळे कुठल्याही राज्यात असते, ब्राझीलमध्ये तर तिचे मोठे कळप आहेत. वशिंड म्हणजे भारत हे समीकरणही सोडून द्यायला हवं.

गाईवर जातीपेक्षा माणसाने केलेल्या खुणा जास्त बोलक्या असतात. कानातला पिवळा बिल्ला बघा. त्यावर 12 अंकी क्रमांक असेल तर जनावर भारतातलं, आणि 2019 मध्ये लाळ्या-खुरकूत लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यापासून असे बिल्ले फार मोठ्या प्रमाणावर दिसतात. म्हणजे हा बिल्ला राज्य सांगत नाही, देश सांगतो आणि काळाचा अंदाज देतो. तुमच्या गाईच्या डाव्या कानात पिवळा ठिपका आहे, तेवढ्यावर फोटो नेपाळचा असण्याची शंका मी कमी केली. क्रमांक वाचता येत नाही, आणि त्याची गरजही नाही.

रंगवलेली शिंगं दिसली तर ती कोणत्या सणाची हा प्रश्न येतो. आपल्याकडे पोळा किंवा बेंदूर, तमिळनाडूत जानेवारीच्या मध्यात मट्टू पोंगल. रंग सणानंतर बरेच दिवस टिकतो, त्यामुळे दिवस ठरत नाही. उत्तरेतही दिवाळीत गोवर्धन पूजेला जनावरं सजवतात. दख्खनकडे आणि दक्षिणेकडे थोडा कल, यापेक्षा जास्त मी त्यात वाचत नाही. तुमच्या गाईची शिंगं साधी आहेत, आणि साध्या शिंगांवरून "पोळा नाही म्हणजे महाराष्ट्र नाही" असं म्हणता येत नाही. गायीची शिंगं बैलाइतकी आवर्जून रंगवतही नाहीत.

कुत्र्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पिढ्यानपिढ्या आपापसात वाढलेली मोकाट कुत्री उष्ण प्रदेशात सगळीकडे एकाच साच्याची होतात: मध्यम अंग, आखूड केस, बदामी किंवा ठिपकेदार रंग, वळलेली शेपूट. थंड डोंगराळ गावांत अंगावर दाट केस दिसतात, एवढाच फरक. इथेही माणसाची खूण शोधायची. आपल्याकडे नसबंदी केलेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात. तुर्कस्तानात आणि जॉर्जियातल्या तिबिलिसीत कानात प्लास्टिकचा रंगीत बिल्ला लावतात. त्यामुळे वाद "भारत की इस्तंबूल" असा असेल तर कुत्र्याचा कान उपयोगी पडतो, "वाराणसी की दक्षिण" असा असेल तर नाही. तुमच्या फोटोतल्या तांबड्या कुत्र्याच्या कानाचं टोक कापल्यासारखं वाटतं, पण ते भांडणात फाटलेलंही असू शकतं, म्हणून मी ते मोजलंच नाही. कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ आणि कपाळावर टिळा असेल तर मात्र थांबून बघा. ती नेपाळची कुकुर तिहार असण्याची शक्यता मोठी आहे. दार्जिलिंग-सिक्कीमकडेही नेपाळी भाषक तो सण पाळतात, तेव्हा तिथेही देश लगेच ठरवू नका.

कबुतरं सगळ्यांत दुबळी. तीच जात जगभरच्या शहरांत आहे. एक फरक उपयोगी पडू शकतो. उडत्या कबुतराच्या शेपटीच्या वरचा पाठीचा भाग युरोपातल्या कबुतरांत बहुधा पांढरा असतो, आपल्या भारतीय कबुतरांत तो राखाडी असतो. पण पाळीव कबुतरं मिसळल्यामुळे एकट्या पक्ष्यावर विसंबता येत नाही, थवा लागतो आणि तो वरून किंवा मागून दिसावा लागतो. तुमच्या फोटोत गच्चीवर फक्त ठिपके आहेत. कबुतरांची गर्दी मात्र कधी कधी तारीख सांगते. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात दाणे टाकण्यावर 2003 मध्ये बंदी आली, व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात 2008 मध्ये, आणि दादरचा कबुतरखाना 2025 च्या ऑगस्टमध्ये ताडपत्रीने झाकला गेला. ओळखीच्या चौकात प्रचंड थवा दिसतोय आणि फोटो "कालचा" म्हणून फिरतोय, तर संशय घ्यायला जागा आहे.

तर तुमच्या फोटोबद्दल मी काय लिहीन? "माकडं बॉनेट, बहुधा भारत, तापी-गोदावरीच्या दक्षिणेकडचा भाग. वाराणसी हा दावा बसत नाही." यापुढे प्राण्यांवरून जाता येत नाही. सह्याद्रीतल्या घाटमाथ्यावरच्या गावापासून हंपीपर्यंत आणि तिथून पार तमिळनाडूपर्यंत कुठेही अशी गल्ली आणि अशी माकडं सापडतील. "माकडं आहेत म्हणजे हंपी" असं कोणी म्हणालं, तर ती वाराणसीवाल्यांचीच चूक दुसऱ्या दिशेने होईल.

पुढचा शोध गल्लीत घ्यायचा आहे आणि त्यात प्राण्यांनी एक मदत केली आहे: आता लिपी ओळखताना दक्षिणेकडच्या लिप्या आधी तपासा. उजवीकडच्या निळ्या पाटीवर अक्षरं पुसट असली तरी त्यांना वरची सलग शिरोरेघ दिसत नाही, आणि आकार गोलसर वाटतात. कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम या चारही लिप्या अशाच दिसतील, त्यामुळे अजून राज्य ठरत नाही. शिरोरेघ स्पष्ट निघाली तर महाराष्ट्र पुन्हा विचारात घ्यावा लागेल. त्या पाटीखाली उभ्या असलेल्या स्कूटरची नंबरप्लेट अर्धी दिसते, पहिली दोन अक्षरं सावलीत आहेत. तुमच्याकडे आलेली प्रत व्हॉट्सअ‍ॅपने दाबलेली आहे. ज्याने सगळ्यात आधी टाकला त्याच्याकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा आणि ती स्कूटर व पाटी असा एवढाच तुकडा इथे टाका. ती दोन अक्षरं निघाली तर निदान स्कूटरची नोंदणी कुठल्या राज्यातली ते कळेल, आणि पाटीची लिपी त्याच राज्याची निघते का ते ताडून बघता येईल.